हार्मोनिक पॅटर्नचा ‘डी’ आधी लिहून घ्या

भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद या भागांतून येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. क्लासमध्ये किंवा टेलिग्राम ग्रुपवर गार्टली, बॅट, बटरफ्लाय, क्रॅब असे पॅटर्न दाखवतात. जुन्या चार्टवर ते अगदी बिंदूला बिंदू जुळतात. स्वतः लावायला गेले की मात्र कधी भाव लेव्हल तोडून खाली जातो, कधी लेव्हलला न शिवताच वर निघून जातो. मग आपले काढणे चुकते, की पॅटर्नच खोटा?

आपल्या भागात हा प्रश्न अधिक निघण्याला एक कारण आहे. कलबुर्गी म्हणजे तुरीची पेठ, आणि बीदरकडे सोयाबीन, हरभरा, उडीद. पण तूर आणि उडदाचे वायदे २००७ च्या जानेवारीपासून बंद आहेत, हरभऱ्याचे ऑगस्ट २०२१ मध्ये आणि सोयाबीनचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबवले गेले. आडतीत मुरलेल्या माणसाला ज्या मालाची नस कळते, त्यात चार्टवर सौदा करायची सोयच राहिली नाही. म्हणून तो निफ्टी, बँक निफ्टी, सोने-चांदीकडे वळला. तिथे आवक, ओलावा, डागी माल यांतले त्याचे ज्ञान कामाला येत नाही. उरतो तो चार्ट, आणि चार्टवर नेमके आकडे सांगणारी पद्धत साहजिकच भरवशाची वाटते.

पॅटर्न खरा की खोटा यापेक्षा आधी एक गोष्ट पाहा: तो कधी काढला? भाव वळण्याआधी, की वळून गेल्यावर? खाली निफ्टीचे एक खरे उदाहरण आकड्यांसकट सोडवून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.

निर्णयापुरते गणित

पॅटर्नमध्ये पाच बिंदू असतात: एक्स, ए, बी, सी, डी. तेजीच्या पॅटर्नमध्ये एक्स हा तळ, ए हे शिखर, बी पहिली घसरण, सी त्यानंतरची उसळी आणि डी दुसरी घसरण. डीवर खरेदी करायची असते. एक्स ते ए या चालीच्या किती पट भाव मागे आला, त्यावरून पॅटर्नला नाव मिळते.

- गार्टली: बी साधारण ०.६१८ वर, डी ०.७८६ वर.
- बॅट: बी ०.३८२ ते ०.५० मध्ये, डी ०.८८६ वर.
- बटरफ्लाय: बी ०.७८६ वर, डी एक्सच्या खाली १.२७ वर.
- क्रॅब: बी ०.३८२ ते ०.६१८ मध्ये, डी १.६१८ वर. बी ०.८८६ वर असेल तर त्याला डीप क्रॅब म्हणतात.

सी बहुतेक पॅटर्नमध्ये एबी चालीच्या ०.३८२ ते ०.८८६ मध्ये कुठेही चालतो. हा पट्टा इतका रुंद आहे की त्यातून फारसे काही गाळले जात नाही.

गार्टलीबद्दल एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. एच. एम. गार्टली यांचे पुस्तक १९३५ चे. त्यात पान २२२ वर हा आकार आहे, पण त्याला फिबोनाचीची गुणोत्तरे जोडलेली नाहीत. ती लॅरी पेसावेन्टो, स्कॉट कार्नी अशा लेखकांनी १९९० च्या दशकात आणि पुढे जोडली. म्हणून दोन पुस्तकांत, दोन सॉफ्टवेअरमध्ये पट्टे थोडे वेगळे सापडतात. ‘नव्वद वर्षे चालत आलेले गुणोत्तर’ असे कोणी सांगितले तर मानू नका. आकार तेवढा जुना आहे, ०.७८६ नाही.

एक खरा चार्ट: निफ्टी, जून २०२४ ते एप्रिल २०२५

लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ ला, निफ्टीचा तळ होता २१,२८१. हा एक्स. २७ सप्टेंबरला शिखर २६,२७७, हा ए. चालीची लांबी ४,९९६ अंक. २१ नोव्हेंबरला घसरण २३,२६३ वर थांबली, हा बी. ५ डिसेंबरला उसळी २४,८५८ पर्यंत गेली, हा सी.

आता डिसेंबरमध्ये बसून, पुढचे काही न पाहता, गणित करा. बीपर्यंतची घसरण ३,०१४ अंक, म्हणजे चालीच्या ०.६०३. हे ०.६१८ च्या अगदी जवळ आहे, तेव्हा नाव ठरले गार्टली. सी एबीच्या ०.५३ वर, तोही नियमात. गार्टलीचा डी निघतो २२,३५० वर. सी ते डी ही चाल बीसीच्या १.५७ पट भरते, तीही नियमात. एवढा नीटनेटका गार्टली क्वचित सापडतो.

२८ फेब्रुवारी २०२५ ला भाव तिथे आला आणि थांबला नाही. त्या दिवशीचा बंद भाव २२,१२५ होता. ४ मार्चला तळ २१,९६५ झाला. तिथून उसळी आली ती २५ मार्चला २३,८७० पर्यंत. मग अमेरिकेने २ एप्रिलला आयात शुल्काची घोषणा केली, जगभरचे बाजार कोसळले, आणि ७ एप्रिलला निफ्टीने २१,७४४ चा तळ दाखवला. तिथून मोठी तेजी झाली.

वर्गात कोणता चार्ट दाखवला जाईल? ७ एप्रिलचा. एक्स तोच, ए तोच, बी-सी तेच, आणि डी बॅटच्या ०.८८६ वर, म्हणजे २१,८५१. शिवाय एबी आणि सीडी सारख्या लांबीचे धरले तर लेव्हल येते २१,८४४. दोन वेगवेगळ्या गणितांचे उत्तर सात अंकांच्या आत, आणि खरा तळ त्यापासून शंभर अंकांवर! मागे वळून पाहणाऱ्याला हे पाहून भुरळ पडली तर त्यात नवल नाही.

पण तो चार्ट काढताना काय गाळले ते पाहा. बॅटचा बी ०.५० च्या आत हवा, इथे तो ०.६०३ आहे. नियमाने हा बॅट नव्हताच, डिसेंबरमध्ये तो गार्टली होता. डी पुढे सरकला म्हणून नाव बदलले. बॅटच्या लेव्हलवर खरेदीची ऑर्डर लावून बसलेल्याला ४ मार्चच्या तळावर माल मिळाला नाही, कारण भाव त्याच्या वरूनच वळला. एकोणीसशे अंकांची उसळी त्याने नुसती पाहिली.

मार्चअखेरीस बसलेल्या तिसऱ्या माणसाने ४ मार्चचा तळच बी धरला असता. तो ०.८६३ वर आहे, ०.८८६ च्या जवळ, म्हणजे डीप क्रॅब. त्याचा डी सुमारे १८,१९० वर निघतो. ७ एप्रिलला तो अजून साडेतीन हजार अंक घसरणीची वाट पाहत असता.

एक्स आणि ए तिघांचेही तेच. गुणोत्तरे त्याच यादीतली. तरी खरेदीच्या जागा तीन: २२,३५०, २१,८५१ आणि १८,१९०. यांतली कुठली बरोबर हे ७ एप्रिलनंतरच कळले, आणि जी जवळ निघाली तीच वर्गात दाखवली जाते.

गार्टली फसला की चालला?

वरचा गार्टली फसला असे तुम्ही म्हणाल. थांबा. ज्याने २२,३५० ला घेऊन २०० अंकांचा स्टॉपलॉस लावला, त्याचा सौदा २८ फेब्रुवारीलाच तोट्यात कापला गेला. तेव्हाच्या ७५ च्या लॉटप्रमाणे एका फ्युचरमागे १५,००० रुपये गेले. ज्याने स्टॉपलॉस एक्सच्या खाली ठेवला, त्याने १,०७० अंकांची, म्हणजे लॉटमागे सुमारे ८०,००० रुपयांची जोखीम पत्करली. तो टिकला. गार्टलीचे नेहमीचे पहिले लक्ष्य म्हणजे ए ते डी चालीचे ०.३८२, इथे २३,८५० च्या आसपास. २५ मार्चला भाव २३,८७० पर्यंत गेला. त्याला १,५०० अंक मिळाले.

(हे आकडे निर्देशांकाचे आहेत. फ्युचरचा भाव थोडा वेगळा असतो आणि दलाली-कर वेगळे.)

तेव्हा हाच पॅटर्न एकाच वेळी ‘फसला’ही आणि ‘चालला’ही. स्टॉपलॉस आणि लक्ष्य आधी लिहिले नसेल तर सांगणारा दोन्हीकडून बरोबर ठरतो: लेव्हल तुटली तर ‘स्टॉपलॉस एक्सखाली असतो’, आणि एक्सही तुटला तर ‘आम्ही छोट्या स्टॉपलॉसने आधीच बाहेर पडलो’. क्लास चालवणारा यशाचे प्रमाण सांगू लागला की पहिला प्रश्न हाच विचारा: कोणत्या स्टॉपलॉसवर? २०० अंकांच्या जोखमीवर १,५०० मिळत असतील तर शंभरात बारा सौदे जमले तरी खर्च वगळता बरोबरी होते. १,०७० अंकांच्या जोखमीवर तेच १,५०० हवे असतील तर शंभरात बेचाळीस जमावे लागतात. स्टॉपलॉस न सांगता ‘सत्तर टक्के यश’ म्हणणे निरर्थक आहे.

मागाहून इतके चटकन का जुळते

यात गूढ काही नाही, साधी मोजणी आहे. चार्टवर सहसा वापरल्या जाणाऱ्या लेव्हल घ्या: ०.५०, ०.६१८, ०.७०७, ०.७८६, ०.८८६ आणि १. भाव अर्ध्यापासून पूर्ण मागे येईपर्यंत कुठेही वळला, तर तो यांपैकी एखाद्या लेव्हलच्या जवळ असण्याची शक्यता किती? ‘जवळ’ म्हणजे ०.०३ इकडे-तिकडे धरले तर या पट्ट्याचा ६० टक्के भाग कुठल्या ना कुठल्या लेव्हलखाली येतो. ०.०५ धरले तर सुमारे ९४ टक्के. म्हणजे आंधळेपणाने कुठेही बोट ठेवले तरी बहुतेक वेळा ‘फिबोनाची लेव्हलवरून वळला’ असे म्हणता येते.

आणि सूट एवढ्यावर थांबत नाही. एक्स कुठला धरायचा हे काढणाऱ्याच्या हातात असते. कॅण्डलची वात धरायची की बंद भाव, हेही. वरच्याच निफ्टीत बंद भाव घेऊन पाहा. एक्स २१,८८५, ए २६,२१६, नोव्हेंबरचा बी २३,३५०. बीचे गुणोत्तर ०.६०३ वरून ०.६६ वर जाते. सर्वांत खालचा बंद भाव ७ एप्रिलचा नसून ४ मार्चचा, २२,०८३, आणि त्याचे गुणोत्तर ०.९५. ना गार्टली, ना बॅट. जो आकार वातींवर इतका रेखीव दिसत होता, तो बंद भावांवर विरून जातो.

आपोआप पॅटर्न काढणाऱ्या इंडिकेटरकडे इथे विशेष लक्ष द्या. त्यांतले बरेचसे झिगझॅग पद्धतीने शिखरे-तळ शोधतात, आणि झिगझॅगचा शेवटचा बिंदू भाव पुरेसा उलटा गेल्यावरच पक्का होतो. भाव आणखी खाली गेला तर डी गुपचूप खाली सरकतो आणि जुना पॅटर्न पडद्यावरून नाहीसा होतो. मागच्या वर्षाचा चार्ट उघडला की फक्त जुळलेले पॅटर्न दिसतात. फसलेले तिथे कधी होते याची खूणही उरत नाही.

पैसे लावण्याआधी असे तपासा

१. नियम एका पानावर लिहा. वात की बंद भाव, बी आणि डीला किती सूट, कुठले पॅटर्न, कुठली टाइमफ्रेम. सूट ०.०२ च्या वर नेऊ नका. बी नियमात बसला नाही तर तो पॅटर्न सोडून द्या, दुसरे नाव शोधू नका.

२. डी येण्याआधी डी लिहा. सी पक्का झाला की त्याच दिवशी डीचा भाव, स्टॉपलॉस, लक्ष्य आणि ‘अमुक तारखेपर्यंत आला नाही तर रद्द’ एवढे तारखेसकट वहीत उतरवा. खोडाखोड करायची नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे तारीख राहते.

३. जुन्या चार्टवर सराव करायचा तर पुढचे झाकून. ट्रेडिंगव्ह्यूवर रिप्लेची सोय आहे. तिने एकेक कॅण्डल पुढे सरकते. पण ज्या काळातले वळण तुम्हाला आठवते, तो काळ घेऊ नका. वरचे निफ्टीचे उदाहरण वाचल्यावर तुमच्यासाठी ते आता बाद आहे.

४. सगळे मोजा. जिंकलेले, हरलेले, आणि डीला न शिवताच गेलेलेही. तिसऱ्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, पण आपल्या उदाहरणात बॅटचे नेमके मार्चमध्ये तेच झाले.

५. एक खोटी लेव्हल सोबत ठेवा. माझ्या मते हीच सर्वांत कामाची परीक्षा आहे. दरवेळी ०.७८६ आणि ०.८८६ सोबत ०.७४ आणि ०.८३ ही लिहा. या दोन आकड्यांना फिबोनाचीत काही स्थान नाही. स्टॉपलॉस आणि लक्ष्य त्याच पद्धतीने ठरवा. शंभरेक नोंदी झाल्या की दोन्हींची बेरीज शेजारी मांडा. खोट्या लेव्हलही तितकेच देत असतील, तर जो काही फायदा दिसतो तो गुणोत्तराचा नाही. तो तेजीच्या बाजारात पडलेल्या भावाला घेतल्याचा आहे, आणि त्यासाठी फी भरून क्लास लावायची गरज नव्हती.

शंभर नोंदी एका निफ्टीवर दैनंदिन चार्टने लवकर व्हायच्या नाहीत. वीस-पंचवीस मोठे शेअर घ्या. पाच मिनिटांच्या चार्टवर नोंदी भराभर होतात, पण तिथे दलाली आणि कराचा भार इतका असतो की निकाल वेगळा लागतो. दैनंदिन चार्टवरच राहा.

हे सगळे कागदावर. फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरण्याआधी सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा वाचा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला.

तुरीच्या भावावर पॅटर्न काढू नका

काही वाचक कलबुर्गी किंवा लातूर बाजार समितीच्या रोजच्या सरासरी भावाची रेघ काढून तिच्यावर गार्टली बसवतात. ते करू नका. त्या आकड्यात दिवसाचा उच्च-नीच नसतो, आज आलेला माल कालच्या प्रतीचा नसतो, सुट्टीच्या दिवशी भावच नसतो. शिवाय तुरीला वळण देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. २ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदावर साठा मर्यादा लावली. असा आदेश, आयातीचे धोरण आणि डिसेंबर-जानेवारीची आवक यांना ०.७८६ शी देणेघेणे नसते. तूर ठेवायची की विकायची हे ठरवताना आवकेचे आकडे, आफ्रिका-म्यानमारकडून येणारा माल आणि हमीभाव पाहा.

क्लास किंवा ग्रुपला पैसे देण्याआधी, आणि दिले असतील तर

- नोंदणी क्रमांक मागा. कुठला शेअर कुठे घ्या हे पैसे घेऊन सांगणाऱ्याला सेबीची नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक INH ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा INA ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक आणि नाव स्वतः जुळवा. पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर विसंबू नका.
- ‘आम्ही फक्त शिकवतो’ याला मर्यादा आहे. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, निव्वळ शिक्षण देणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून एखाद्या शेअरचे नाव घेत पुढचा भाव किंवा सल्ला सांगायचा नाही. चालू चार्टवर शेअरच्या खरेदीच्या लेव्हल दिल्या जात असतील तर ते शिकवणे उरत नाही.
- परताव्याची हमी कोणीही देऊ शकत नाही, नोंदणीकृतसुद्धा नाही. तुमच्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्याशी तिथेच व्यवहार थांबवा.
- तक्रार. ब्रोकर किंवा नोंदणीकृत सल्लागाराविरुद्ध आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जा, आणि तिथेही समाधान झाले नाही तर स्मार्ट ओडीआर पोर्टलवर. सेबीचा मोफत क्रमांक १८०० २२ ७५७५ आहे.
- क्लासच्या फीबद्दल वाद असेल, म्हणजे जाहिरातीत एक आणि वर्गात दुसरे असे झाले असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुम्हाला स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू देतो. पुण्याच्या ऑनलाइन क्लासविरुद्ध भालकीच्या वाचकाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, बीदरच्या जिल्हा आयोगात अर्ज करता येतो. मुदत दोन वर्षे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून पाहा, काही प्रकरणे तिथेच मिटतात. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, फीची पावती आणि ग्रुपवरचे संदेश ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी जपून ठेवा. काढून टाकले गेलात की ते बऱ्याचदा हाती लागत नाहीत.

क्लासवाल्याला फी देण्याआधी एक विनंती करून पाहा. मागच्या तीन वर्षांत त्याने डी येण्याआधी तारखेसकट लिहून ठेवलेल्या सगळ्या पॅटर्नची वही मागा, फसलेल्यांसकट. नुसते स्क्रीनशॉट आले, तर त्यांतला प्रत्येक चार्ट उजव्या कडेपासून तपासा: डीनंतरच्या कॅण्डल चित्रात आधीपासूनच दिसत असतील, तर ते चित्र भाव वळून गेल्यावर काढलेले आहे.